आईला फोन: प्रमाण विचारायला की धीर मागायला?

"लग्नाला दोन महिने झाले. येत्या रविवारी सासरच्या सगळ्यांचं जेवण पहिल्यांदाच मी एकटीनं करणार आहे. पण तांदूळ किती, डाळ किती, मीठ किती, हे आईला फोन करून विचारल्याशिवाय माझा हातच पुढे जात नाही. सासूबाईंना ते खटकतं, असं दिसतं. आईला फोन करणं बंद करावं का?"

बंद करू नका. पण कोणता फोन करायचा आणि कोणता नाही, हे आधी ठरवा. इंदूरमधल्याच एका मुलीची हकिकत सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तिचं माहेर सांगलीचं, सासर इथलं, रामबागेतलं. लग्नानंतर काही आठवड्यांनी नणंद आणि तिचे यजमान जेवायला यायचे होते, घरचे धरून एकूण दहा माणसं. वरण-भाताऐवजी आमटी-भात, पोळ्या, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर असा बेत ठरला. गोड बाहेरून येणार होतं. स्वयंपाक तिला येत होता, पण माहेरी चार माणसांपुरताच केलेला. जेवण झालं आणि अर्ध्याहून जास्त भात पातेल्यात तसाच राहिला. पोळ्या मात्र कमी पडल्या, जावेला पुन्हा कणीक मळायला बसावं लागलं. कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई मात्र म्हणाल्या, "मी इथे दोन हातांवर उभी होते, मला विचारायचंस ना." त्यानंतर स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की तिच्या पोटात गोळा यायचा. म्हणून ती माझ्याकडे आली.

मी तिला फोन काढून त्या दिवशीचे आईशी झालेले कॉल बघायला सांगितलं आणि प्रत्येक कॉलमध्ये काय विचारलं ते वहीत लिहायला लावलं. बरेचसे प्रश्न एकदाच विचारलेले होते. चिंच किती भिजवायची, गूळ केव्हा घालायचा. उत्तर मिळालं, ती कामाला लागली. भाताचा प्रश्न मात्र तीनदा होता. सकाळी आई म्हणाली पाच वाट्या. दुपारी लेकीचा आवाज ऐकून म्हणाली, सहाच घे. संध्याकाळी म्हणाली, "सात घाल बाई, उरलं तर उरलं, कमी नको पडायला."

इथे थांबून बघण्यासारखं आहे. माहितीसाठी केलेल्या फोनचं उत्तर मिळालं की काम पुढे सरकतं. धीरासाठी केलेल्या फोनचं उत्तर दहा मिनिटं पुरतं, मग शंका परत येते आणि माणूस तोच प्रश्न घेऊन पुन्हा फोन लावतो. समोरची आई तांदळाला उत्तर देत नसते, लेकीच्या घाबरलेल्या आवाजाला देत असते. म्हणून आकडा दर वेळी वाढत जातो. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारावासा वाटला, तर ओळखायचं की आता प्रमाण नको आहे, धीर हवा आहे.

त्यात वाटीचा घोळ. आईची वाटी म्हणजे तांदळाच्या डब्यातली लहान वाटी, साधारण 100 ग्रॅम तांदूळ मावणारी. सासरी तिने हाताला लागली ती आमटीची वाटी घेतली. तिच्यात 160 ग्रॅमच्या आसपास मावतात. पाच वाट्या म्हणजे आईच्या मनात अर्धा किलो होते, आणि सोबत पोळ्या असताना दहा माणसांना पाचशे ते सहाशे ग्रॅम तांदूळ पुरतात. इथल्या सात वाट्या म्हणजे किलोच्या वर गेले. आईचं पहिलं उत्तर अगदी बरोबर होतं. ते सांगलीच्या वाटीतलं होतं, इतकंच.

आणि पोळ्यांचं प्रमाण आईला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. सांगलीला त्यांच्या घरी भातावर जेवण संपायचं. या घरात पोळी मुख्य, शेवटी दोन घास भात, तोही शेव भुरभुरून. म्हणून पुढच्या वेळेसाठी आम्ही वहीत प्रश्नांचे दोन भाग केले. पदार्थ कसा होतो ते आईला विचारायचं. या घरात कोण किती आणि कसं खातं, ते सासूबाईंना.

सासूबाईंना "किती करू?" असं विचारलं की बहुतेक जणी "कर अंदाजाने" म्हणतात, आणि सुनेला वाटतं की त्या टाळताहेत. खरं तर चाळीस वर्षं हाताने केलेलं त्यांना ग्रॅममध्ये सांगताच येत नाही. माणसांबद्दल मात्र त्या नेमकं सांगतात. म्हणून तिने विचारलं, "आई, आपल्याकडे पोळ्या कोण किती खातं?" सासूबाईंनी बोटांवर मोजलं: सासरे 3, त्या स्वतः 2, नवरा 4, दीर 5, जाऊ 3, दोन्ही मुलं मिळून 3, नणंद 3, तिचे यजमान 4, आणि ही 3. तीस झाल्या. वर चार जास्तीच्या. एक किलो कणकेच्या मध्यम पोळ्या तीस-बत्तीस होतात, म्हणजे किलोहून मूठभर जास्त कणीक. हे गणित झाल्यावर सासूबाईंनी आपणहून सांगितलं की भाताला डब्यातली लहानच वाटी घे, आणि दिराला आमटीत गूळ चालत नाही, त्याची आधी बाजूला काढ.

मी तिच्या आईशीही बोलले. त्यांना एवढंच सांगितलं की लेकीने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर नवा आकडा द्यायचा नाही. "सकाळी काय ठरलं होतं आपलं?" असं विचारायचं आणि तिला उत्तर देऊ द्यायचं. आईला हे सोपं गेलं नाही. लेक लांब आहे, सासरी तिला कोणी नाव ठेवू नये, ही काळजी प्रत्येक जास्तीच्या वाटीत होती.

दुसऱ्या जेवणाला भात आणि पोळ्या बरोबर झाल्या. आमटी मात्र पातळ झाली. चार माणसांच्या मापाची अडीचपट करताना तिने पाणीही अडीचपट घातलं होतं. मोठ्या पातेल्यात त्या मानाने पाणी कमी आटतं, म्हणून डाळ पटीत वाढवली तरी पाणी थोडं मागे ठेवायचं. मीठ-तिखटही हिशेबापेक्षा कमी घालून, उकळी आल्यावर चव बघून वाढवायचं. तिचा हात फोनकडे गेला होता, असं तिने नंतर सांगितलं. मग तिने झाकण काढून आमटी दहा मिनिटं उकळू दिली, वाटीभर शिजलेली डाळ घोटून घातली आणि ताटं घेतली.

एक गोष्ट वेगळी ठेवते. सासरचे तुमचा फोन तपासत असतील, आईशी बोलूच देत नसतील, किंवा जेवणावरून रोज अपमान होत असेल, तर तो प्रश्न वाटी-मापाचा नाही. तेव्हा समुपदेशकाला प्रत्यक्ष भेटा किंवा महिलांसाठीच्या 181 या हेल्पलाइनवर बोला. आणि प्रमाण पक्कं माहीत असूनही गॅस पेटवता येत नसेल, आदल्या रात्री झोप उडत असेल, तरीही भेटायला या.

तसं नसेल, तर शनिवारी सासूबाईंजवळ वही घेऊन बसा आणि माणसागणिक पोळ्या लिहून घ्या. घरातल्या वाटीत किती तांदूळ मावतात ते एकदा वजन करून बघा. मग आईला एकच फोन करा, ठरलेलं प्रमाण वाचून दाखवा आणि तिचं उत्तर त्याच पानावर लिहा. रविवारी शंका आली की आधी ते पान बघा. जेवणं उरकल्यावर आईशी हवं तितकं बोला.