खुराड्यातली गोचीड आणि गाईच्या अंगावरची गोचीड

प्रश्न: दोडामार्गजवळ आमचं घर आहे. कोंबड्यांच्या खुराड्यात रात्री गोचिडी दिसतात, दिवसा एकही नाही. गाईच्या अंगावरच्या गोचिडीपेक्षा या वेगळ्या वाटतात. यांच्यामुळेही माकडताप येतो का? आणि औषध कोंबड्यांना लावायचं की खुराड्याला?

औषध खुराड्याला. आणि माकडतापासाठी या गोचिडीला घाबरू नका. माणसाला माकडताप देणारी मुख्य गोचीड जंगलातली आहे, हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा, आणि ती कठीण पाठीची. तुमच्या खुराड्यातली मऊ गोचीड आहे, बहुतेक आर्गस पर्सिकस. मी सिंधुदुर्गात गुरं-कोंबड्यांवर उपचार करतो. रात्री दिसते, दिवसा गायब, एवढ्या वर्णनावरूनच अंदाज येतो, पण खात्री करून घ्या.

एक गोचीड चिमट्याने पकडून पांढऱ्या बशीत ठेवा आणि वरून बघा. गाईवरच्या गोचिडीचं तोंड डोक्याच्या पुढे आलेलं दिसेल, आणि पाठीवर कडक ढाल असेल. नराची ढाल अख्खी पाठ झाकते, मादीची फक्त पुढचा भाग. खुराड्यातल्या गोचिडीला ढाल नसते. तिची चपटी कातडी वाळलेल्या आमसुलासारखी सुरकुतलेली असते, आणि तोंड पोटाखाली असल्यामुळे वरून दिसतच नाही.

या सुरकुत्यांमुळेच तिचं जेवण लवकर उरकतं. कातडीच्या घड्या उलगडल्या की रक्ताला जागा होते, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात पोट भरून ती परत फटीत जाते. कठीण गोचिडीच्या मादीला ती सोय नाही. तिला रक्त पिता पिताच नवी कातडी वाढवावी लागते, म्हणून ती आठवडाभर एकाच जागी चिकटून राहते. त्यासाठी ती तोंडाभोवती सिमेंटसारखा घट्ट होणारा स्राव सोडते. रक्तातलं जास्तीचं पाणी ती लाळेवाटे गाईच्याच अंगात परत टाकत असते आणि त्या लाळेबरोबर रोगाचे जंतू आत जातात. गुरांचा बॅबेसिया, ज्यात ताप येऊन लघवी तांबडी होते, तो असाच पसरतो. मऊ गोचीड हे पाणी पायांच्या बुडाशी असलेल्या छिद्रांतून बाहेर सोडते.

आता तुमचं खुराडं. दिवसा कोंबड्यांच्या अंगावर शोधून उपयोग नाही. रात्री बॅटरी घेऊन जा आणि बसायच्या दांड्याचे सांधे, लाकडाच्या भेगा, जांभ्याच्या चिऱ्यांमधल्या फटी बघा. एक अपवाद लक्षात ठेवा: या गोचिडीची पिल्लं, म्हणजे सहा पायांच्या अळ्या, मोठ्यांसारख्या रात्रीपुरत्या येत नाहीत. त्या कोंबडीच्या पंखाखाली पाच ते दहा दिवस चिकटून राहतात. पंख उचलून बघा, तिथे लालसर डाग दिसतील. तुरा फिका पडणं, अंडी कमी होणं ही रक्त कमी झाल्याची खूण. कोंबडी सुस्त झाली, ताप आला, हिरवी विष्ठा होऊ लागली तर स्पायरोकिटोसिसचा संशय घ्या. हा रोग याच गोचिडीमुळे होतो, आणि वेळेत पेनिसिलिन दिलं तर बरा होतो. त्यासाठी डॉक्टरांना बोलवाच.

कोंबड्यांना भुकटी चोळून फटीतली गोचीड मरत नाही. खुराडं महिनाभर रिकामं ठेवूनही नाही, कारण मोठी मऊ गोचीड उपाशीपोटी वर्षाहून अधिक जगते. कोंबड्या बाहेर काढा, जुने दांडे जाळा, डॉक्टरांनी सांगितलेलं औषध फटीत आत जाईल असं मारा, मग चिऱ्यांच्या फटी सिमेंटने बुजवा. अंड्यांतून नवी पिल्लं येतात म्हणून फवारणी पुन्हा करावी लागते. गाईचं उलट आहे: गोचीड अंगावरच असते, म्हणून तिथे औषध अंगाला. पण पोट भरलेली मादी खाली पडून हजारो अंडी घालते, त्यामुळे गोठ्याच्या कडाही सोडू नका.

माकडतापाची काळजी काजूच्या बागेत आणि रानात घ्या. जानेवारी ते मे हे दिवस जास्त धोक्याचे. माणसाला बहुधा जंगलातल्या गोचिडीची अगदी बारीक, अर्धवट वाढलेली अवस्था चावते, आणि ती सहज लक्षात येत नाही. पूर्ण बाह्या, लांब पॅन्ट घाला, घरी आल्यावर अंग बघून गरम पाण्याने आंघोळ करा. चिकटलेली दिसली तर रॉकेल ओतू नका, चटका देऊ नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा. लवकर काढणं चांगलंच, पण विषाणू आत जायला आठवडा लागत नाही, म्हणून काढली म्हणजे सुटलो असं धरू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, त्याच्या अंगावरच्या गोचिडी आसपास उतरलेल्या असतात. वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. रानात जाऊन आल्यावर साधारण तीन ते आठ दिवसांत अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं सुरू झालं, तर डॉक्टरांना आधी रानात गेला होतात हे सांगा, म्हणजे रक्ततपासणी लगेच होईल.