जुळलेला प्रश्न आधी तपास

अगं, तुझी मेल दोनदा वाचली. तुमच्या सर्वेक्षणाचे इंग्रजी प्रश्न बंगालीत नेले, आणि ते बंगाली परत इंग्रजीत आणल्यावर, म्हणजे उलट भाषांतरात, चार प्रश्न मूळ इंग्रजीशी जुळले नाहीत म्हणून तू दोन रात्री जागलीस. बाकीचे जुळले, ते तू निकालात काढलेस. मला काळजी आहे ती त्या निकालात काढलेल्यांची.

न जुळलेला सिगारेटचा प्रश्न घे. इंग्रजीत ‘ओढता का’, बंगालीत ‘सिगारेट खान कि?’, आणि उलट भाषांतरात आलं ‘सिगारेट खाता का’. बंगालीत भात खातात, पाणी खातात आणि सिगारेटही खातात, क्रियापद एकच. कोलकात्यात हा प्रश्न ऐकून कुणी अडखळणार नाही. शब्द बदलला, अर्थ जागेवर आहे. सोड तो.

आता जुळलेला बघ. ‘गेल्या ३० दिवसांत तुम्ही आजारी होता का?’ याचं तुमच्याकडे झालंय ‘गत तिरिश दिने आपनार कि शरीर खाराप होयेछिल?’ उलट भाषांतरात परत तेच, ‘आजारी होता का’. तू खूण केलीस आणि पुढे गेलीस. मीही केली होती. जवळजवळ याच शब्दांत हा प्रश्न माझ्या सहीने पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत गेला. बंगाली बायका मासिक पाळीलाही ‘शरीर खाराप’ म्हणतात, आपल्याकडे ‘अडचण आहे’ म्हणतात ना, तसं. उलट भाषांतर करणारा कागदावरचं वाक्य वाचत होता. गावातली बाई मात्र एका परक्या पुरुषाच्या तोंडून तो प्रश्न ऐकत होती. काहींनी मान खाली घालून ‘हो’ म्हटलं, काहींनी लाजून ‘नाही’.

आकड्यांत ते दिसत होतं, पाहणाऱ्याला. तरुण बायकांचे होकार पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त, आणि पन्नाशीपुढे एकदम खाली, जिथे खरं तर आजारपण वाढायला हवं. पुढचा ‘कोणता आजार?’ हा रकाना त्याच बायकांच्या फॉर्मवर रिकामा. मी तो रिकामेपणा प्रगणकांच्या आळसावर ढकलला. तो आळस नव्हता, हे कळेपर्यंत अहवाल गेला होता. ही गोष्ट मी फार कमी लोकांना सांगितली आहे.

म्हणून पुन्हा सांगते, जुळलं म्हणून थांबू नकोस. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट भाषांतराच्या पद्धतीवर लिहितानाच बजावलं होतं की भाषांतर वाईट असलं तरी हुशार माणूस त्यातून चांगला अर्थ काढून देतो. तुमचा उलट भाषांतरकार असाच आहे. इंग्रजी उत्तम, सर्वेक्षणं पाठ, मूळ प्रश्न न दाखवताही त्याला तो ओळखू येतो. त्याला मूळ दाखवलं नाहीत हे ठीकच, पण तेवढ्याने भागत नाही. दुसरा माणूस असा घे, ज्याने असा फॉर्म कधी पाहिलेला नाही. जमलं तर त्याच जिल्ह्यातली बाई. तिला सांग, सुंदर इंग्रजी नको, आणि वाक्याचे दोन अर्थ निघत असतील तर दोन्ही लिही.

तरीही जे जुळेल ते गावात सात-आठ बायकांसमोर म्हणून बघ. विचारणारी बाईच असू दे. उत्तर मागू नकोस. ‘मी काय विचारलं, तुमच्या शब्दांत सांगा’ एवढंच विचारायला लाव.

दुरुस्ती काय, तर ‘कोनो असुख-बिसुख होयेछिल?’ मराठी कानाला ‘असुख’ म्हणजे दुःख वाटतं. बंगालीत तो साधा आजार. पण त्यातही मेख आहे. ‘असुख’ म्हटलं की लोकांच्या मनात मोठं दुखणं येतं आणि सर्दी-पडसं गळतं. म्हणून लगेच उदाहरणं जोड: ‘जेमन जर, सर्दि-काशि, पेट खाराप’. जर म्हणजे ताप. ही उदाहरणं मूळ इंग्रजीत नाहीत, त्यामुळे हा प्रश्न आता उलट भाषांतरात जुळणार नाही. न जुळू दे! का जुळत नाही ते एका ओळीत लिहून ठेव आणि वरिष्ठांपुढे ठेव.

ते म्हणतील, वेळ नाही. मलाही म्हणाले होते. पुढच्या सर्वेक्षणात मी एक आठवडा मागितला, भांडले, आणि ते काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं. हट्टी म्हणाले. असेनही, पण पहिल्या वेळी मी गप्प बसले होते आणि त्या बायकांच्या माना खाली गेल्या. आजही मी तो आठवडा मागेन.

छपाई सोमवारी आहे ना? उद्याच थांबवायला सांग. आणि त्या सात-आठ जणी काय म्हणाल्या ते मला पाठव, त्यांच्याच बंगालीत, भाषांतर न करता.