निम्म्या किमतीतले युसी येतात कुठून?

प्रश्न: इन्स्टावर एक जण गेमचे युसी, म्हणजे गेममध्ये खर्चायचं चलन, निम्म्या किमतीत देतो. धाकट्या भावाने आधी थोडे घेऊन पाहिले, दहा मिनिटांत आले. आता मोठा पॅक घ्यायचाय, तर तो गेमचा लॉगिन मागतोय. द्यावा का?

उत्तर: नका देऊ. आधी थोडे आले म्हणून भरवसा बसला असेल, पण ते आमिष असू शकतं. पन्नास-शंभराचा पॅक तो पूर्ण किमतीला विकत घेऊन तुमच्या भावाला निम्म्यात देतो, पदरचे थोडे पैसे घालवतो आणि मोठं गिऱ्हाईक पक्कं करतो.

इंदूरला जेल रोडवर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. स्क्रीन बदलायला आलेली पोरं हीच कहाणी घेऊन येतात, म्हणून जरा खोलात सांगतो.

प्ले स्टोअरवरून गेममध्ये खरेदी झाली की गूगल साधारण 15 ते 30 टक्के स्वतःकडे ठेवतं. कंपनीने आपल्या वेबसाइटवर थेट विकलं तर त्यातलाच थोडा वाटा ती बोनस म्हणून तुम्हाला देऊ शकते. पण पन्नास टक्के सूट परवडेल एवढं मार्जिन मधल्या माणसाकडे नसतंच. मग उरलेले पैसे कोणाच्या तरी खिशातून जातात, आणि तो माणूस तक्रार करतो.

रामबागेतल्या बारावीच्या एका पोराचं पाहा. त्याने दोन हजार रुपये यूपीआयने पाठवले, लॉगिन दिला, ओटीपीही सांगितला. विकणाऱ्याने स्वतःच्या फोनवर त्याची आयडी उघडली, स्वतःच्या प्ले अकाउंटवरून पॅक घेतला. युसी खरेच आले, पोराने त्याच रात्री स्किन घेऊन उडवले. इकडे त्या महाभागाने गूगलकडे रिफंड मागितला. खरेदीनंतर 48 तासांच्या आत तो अर्ज करता येतो. रद्द झालेल्या ऑर्डरींची माहिती गूगल गेम बनवणाऱ्याला देतं. कंपनीने ते युसी परत कापून घेतले, आणि चार दिवसांनी पोराचा बॅलन्स शून्याच्याही खाली, उणे आकड्यात.

पोरगा त्याच माणसाकडे गेला. तो म्हणाला, “और पंद्रह सौ दे दे, मायनस क्लिअर कर दूँगा.” याने दिले! पुन्हा तोच खेळ, पुन्हा रिफंड, आणि या वेळी आयडी कायमची बॅन. “पण काका, मी तर पैसे भरले होते,” असं तो मला म्हणाला. भरले होते, पण कंपनीला नाही. तिच्या हिशेबात त्याच्या आयडीवर दोनदा माल गेला आणि दोन्हीदा पैसे परत गेले.

मी त्याचा मेल उघडून पाहिला. प्लेवरून तुम्ही स्वतः खरेदी केली की `GPA.` ने सुरू होणाऱ्या ऑर्डर नंबरची पावती येते. त्याच्याकडे अशी एकही पावती नव्हती, कारण ती विकणाऱ्याच्या मेलवर गेली. दुसरा एक प्रकार चोरलेल्या कार्डाचा. कार्डवाला बँकेत तक्रार करतो, त्याला कित्येक आठवडे लागू शकतात. त्यामुळे “महिना झाला, काही झालं नाही” यावर जाऊ नका.

तयार आयडी विकत घेणाऱ्यांची फजिती वेगळी असते. जुना मालक पैसे घेतो आणि पुढे सुरुवातीला जोडलेला मेल किंवा जुनी पावती दाखवून आयडी परत मिळवतो. बहुतेक गेमच्या नियमांत आयडी विकायला मनाईच असते, म्हणून सपोर्टकडे जाऊन तुम्ही सांगणार काय?

घ्यायचंच असेल तर गेमच्या आतून किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या. तिथे टॉप-अपसाठी प्लेयर आयडीचा आकडा पुरतो. पासवर्ड किंवा ओटीपी मागितला की तिथेच थांबायचं.

भावाने लॉगिन आधीच दिला असेल तर आजच पासवर्ड बदला. गूगलने लॉगिन असेल तर गूगल अकाउंटच्या सिक्युरिटीमध्ये जोडलेल्या फोनची यादी असते, त्यातला अनोळखी फोन काढून टाका. पैसे जाऊन माल आलाच नसेल तर चॅटचे स्क्रीनशॉट आधी काढा, ब्लॉक केल्यावर चॅट हाती लागेलच असं नाही. मग यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर हाताशी ठेवून 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार टाका. हे तासाभरात केलं तर समोरच्या खात्यात पैसे अडकण्याची शक्यता असते. चार दिवसांनी ते बहुधा पुढे सरकलेले असतात. रामबागेतला पोरगा लाजेपायी घरी बोललाच नाही, आणि माझ्याकडे आला तो तीन आठवड्यांनी, चार्जिंगचा जॅक बदलायला.