जमिनीचं रिव्हॅल्युएशन आणि फाउंड्रीच्या शेअरचं मूल्य

प्रश्न: कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीचं पुस्तकी मूल्य आणि तीन वर्षांच्या नफ्याचा अंदाज आहे. रेसिड्युअल इन्कमने शेअरचं मूल्य काढताना परतावा किती टक्के धरू? आणि जमिनीचं रिव्हॅल्युएशन झालंय, मग पुस्तकी मूल्य नवं घ्यायचं की जुनं?

टक्क्याचं शेवटी बघू, खरी मेख जमिनीत आहे. "जमीन वाढली, म्हणजे शेअर वाढला" असं छातीठोक सांगणारे सल्लागार इथे पैशाला पासरी आहेत, म्हणून आकडे मांडूनच लिहितो.

धरून चला, जुनं पुस्तकी मूल्य शेअरमागे 100 रुपये, हवा असलेला परतावा 15 टक्के, नफ्याचा अंदाज 20, 21 आणि 22 रुपये. पहिल्या वर्षी 10 आणि दुसऱ्या वर्षी 11 रुपये डिव्हिडंड जाईल, म्हणजे पुस्तकी मूल्य 110 आणि मग 120 होईल. दर वर्षी सुरुवातीच्या पुस्तकी मूल्यावर 15 टक्के आकार लावा आणि तो नफ्यातून वजा करा; उरतं तेच रेसिड्युअल इन्कम, म्हणजे उरलेलं उत्पन्न. पहिल्या वर्षी 20 वजा 15, उरले 5. दुसऱ्या वर्षी 21 वजा 16.50, उरले 4.50. तिसऱ्या वर्षी 22 वजा 18, उरले 4. नफा चढतोय आणि उरलेलं उत्पन्न उतरतंय, हे नीट बघा. कारण ठेवून घेतलेल्या प्रत्येक दहा रुपयांवर फाउंड्री जेमतेम एकच रुपया जादा कमावते.

या तिघांचं आजचं मूल्य 10.38 रुपये, ते आजच्या पुस्तकी मूल्यात मिळवायचं. तिसऱ्या वर्षानंतर काहीच उरणार नाही असं मानलं तर शेअर 110.38 रुपयांचा. तेच 4 रुपये कायम राहतील म्हटलं तर 4 भागिले 0.15, त्याचं आजचं मूल्य 17.53, आणि शेअर 127.91 रुपयांचा.

आता जमीन. समजा पुलाची शिरोलीकडची ही जमीन कंपनीच्या मालकीची आहे आणि मूल्यांकनकाराने शेअरमागे 40 रुपये वाढवले. पुस्तकी मूल्य 140 झालं, नफा मात्र तोच, कारण जमिनीवर घसारा नसतो आणि ही वाढ नफा-तोट्यात येतच नाही, थेट रिव्हॅल्युएशन सरप्लसमध्ये जाते. आकार वर्षाला 6 रुपयांनी वाढला. उरलेलं उत्पन्न आता उणे 1, उणे 1.50, उणे 2. त्यांचं आजचं मूल्य उणे 3.32.

इथे घोटाळा होतो. तिसऱ्या वर्षानंतर शून्य मानून शीट बंद केली की उत्तर येतं 136.68. जमिनीच्या कागदाने शेअर 26.30 रुपयांनी महाग झाला, भट्टीतून एक कास्टिंगही जास्त निघालं नसताना! उणे 2 ही रक्कम आपोआप शून्यावर येईल असं मानणं म्हणजे वाढलेल्या जमिनीवरही कंपनी 15 टक्के कमवू लागेल असं मानणं. तसं होण्याचं काही कारण अंदाजात आहे का? नसेल तर उणे 2 कायम धरा. त्याचं आजचं मूल्य उणे 8.77, आणि शेअर पुन्हा 127.91 रुपयांचाच. 40 रुपये वर चढले आणि 15 टक्क्यांच्या आकाराने तेवढेच खाली आले.

तेव्हा नवं घ्या की जुनं, हरकत नाही. पण शेवटचं गृहीतक पुस्तकी मूल्याला जुळलं पाहिजे. अकाउंटिंगचे प्राध्यापक जेम्स ओल्सन यांनी 1995 मध्ये मांडलेल्या टिकाऊपणाच्या गुणकाने तिसऱ्या वर्षानंतर उरलेलं उत्पन्न दर वर्षी 0.6 पट होत जातं असं धरलंत, तर जुन्या मूल्यावर 113.25 येतात, नव्यावर 135.25. एकच गुणक दोन्हीकडे डोळे झाकून लावल्यावर दुसरं काय होणार.

जागा खरंच रिकामी असेल आणि विकता येत असेल, तर मात्र मी हरलो. मग ती पुस्तकी मूल्यातून बाहेर काढा, कर वजा करून वेगळी जोडा, आणि फाउंड्री जुन्या आकड्यावरच मोजा. प्लॉट एमआयडीसीचा भाडेपट्ट्याचा असेल तर आधी पट्टा वाचा. आणि रिव्हॅल्युएशन अंदाजाच्या वर्षांत होणार असेल, तर त्या वर्षीच्या नफ्यात ती वाढही धरा. नाहीतर पुस्तकी मूल्य उडी मारतं आणि नफा व डिव्हिडंडशी त्याचा मेळ तुटतो.

परताव्याचा टक्का? बँकेच्या कर्जाचा दर धरू नका, भागधारकाची जोखीम त्याहून मोठी असते. 14 आणि 16 दोन्हींनी काढून बघा. दोन्ही शीट्स, जुन्या आणि नव्या मूल्याच्या, "कायम" गृहीतकावर पैशापर्यंत जुळायला हव्यात. जुळत नसतील तर बहुधा नव्या शीटमध्येही एखाद्या वर्षी आकार जुन्याच पुस्तकी मूल्यावर लागलाय.