कांटच्या उत्तरात परिणाम मोजू नकोस

भावा, नीतिशास्त्राच्या पेपरात परिणामांवरून योग्य-अयोग्य ठरवणारा उपयुक्ततावाद आणि कर्तव्याचा नियम बघणारा कांट, या दोन्ही सिद्धांतांची व्याख्या पाठ असूनही गुण जातात ते प्रसंगावर. एकच प्रसंग घे. पंचगंगेला पूर आलाय, चिखलीतले आजोबा म्हशी सोडून बोटीत बसायला तयार नाहीत. बचाव पथकातला पोरगा खोटंच सांगतो, "म्हशी मघाशीच हलवल्या." योग्य की अयोग्य?

उपयुक्ततावादात आधी कुणाकुणावर परिणाम होतो ते लिही: आजोबा, बोटीतली माणसं, पुढच्या घरी वाट बघणारे. जीव वाचला, वेळ वाचला. पण खोटं उघडं पडलं तर पुढच्या पुरात गाव पथकाचं ऐकणार नाही, हेही तोट्यात धर. हा सिद्धांत म्हणजे बहुमत नव्हे. सुखदुःख किती तीव्र, हेही बघायचं असतं.

आता कांट. इथंच बहुतेक जण घसरतात. "सगळे खोटं बोलले तर विश्वास उडेल, समाजाचं नुकसान होईल" असं लिहिलंस की तू परत परिणामच मोजलेस. कांट विसंगती शोधतो. "माणूस ऐकत नसेल तर खोटं सांगून ऐकवावं" हा सर्वांचा नियम झाला, तर असल्या शब्दावर कुणी विश्वासच ठेवणार नाही आणि खोटं चालणारच नाही. नियम स्वतःलाच मोडतो. शिवाय आजोबांचा निर्णय त्यांच्या हातून काढून घेतला. भल्यासाठी असला तरी.

शेवटी बाजू घे, कारणासकट. "दोन्ही आपापल्या जागी बरोबर" लिहून पळू नकोस. "हा सर्वांचा नियम झाला तर?" ही कसोटी म्हणजे कांटच्या निरपेक्ष आदेशाचं, म्हणजे कुठल्याही अटीशिवाय पाळायच्या नियमाचं, एक सूत्र; बाकीची सूत्रं सध्या राहू देत.