फोटोवरून फ्रिंज विड्थ काढताना

प्रश्न: रत्नागिरीत बारावीला आहे. सरांनी डबल स्लिटचा फोटो दिलाय, पडद्यावर पट्टी चिकटवलेली, पहिल्या ते अकराव्या उजळ रेषेत 52 मिमी. लेझर 650 नॅनोमीटर, स्लिटमधलं अंतर 0.25 मिमी, पडदा 2 मीटरवर. फ्रिंज विड्थ आणि तिसऱ्या उजळ रेषेचा पाथ डिफरन्स किती?

उत्तर: फ्रिंज विड्थ 5.2 मिमी आणि पाथ डिफरन्स 1950 नॅनोमीटर. रेषा 11 असल्या तरी त्यांच्यामधल्या फटी 10च ना, म्हणून 52 ला 10 ने भागायचं, 11 ने भागलंस तर 4.7 येतं आणि तिथेच सगळे आपटतात (प्रॅक्टिकलला मी पण आपटलोय). ताळा `λD/d` ने कर, 5.2 मिमीच येतं. मधली सगळ्यात उजळ रेषा शून्य धर, तिथून तिसरी 15.6 मिमीवर, मग `xd/D` म्हणजे 1950, तेच 3λ. तिसरी काळी विचारली तर मात्र 2.5λ, म्हणजे 1625. एक बघ, फोटो तिरका असेल तर स्क्रीनवर मोजलेले मिमी चालणार नाहीत, फोटोतल्या पट्टीवरच वाच, आणि 2 मीटर हे स्लिटपासून धरायचं, लेझरपासून नाही.