न बघता लिहिलं तरी वाक्य दुसऱ्याचं निघालं

पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत लिहिलं तरी कॉपी होऊ शकते का?

होते ना. माझी मावसबहीण रत्नागिरीत शिकत होती, सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर कोरलेल्या, कातळशिल्पांवर प्रोजेक्ट होता, तिने पुस्तक मिटूनच लिहिलं आणि त्यात 'सड्याने पाठ गोंदवून घेतलीय' असं वाक्य आलं, जाम खुश होती त्यावर. मॅडमनी पुस्तकाशी ताडून विचारलं, गोंदण तर यात कुठेच नाही, हे आलं कुठून? ही म्हणे माझंच आहे. मग गणपतीत गावी आजीकडे जुना दिवाळी अंक सापडला, शिमग्याला वाचलेला, त्यातल्या लेखात जवळपास तेच वाक्य! मजकूर डोक्यात राहतो, कुठे वाचला ते आधी विसरतं, क्रिप्टोम्नेशिया म्हणतात याला. तिने अवतरणचिन्हं टाकून लेखाचं नाव दिलं.